खिम्याचे कटलेट तेलात सुटतात तेव्हा: अंडं किती घालायचं

प्रश्न: काकू, मटण खिम्याचे कटलेट केले की तेलात सुटतात. अर्धा किलो खिमा शिजवून, दोन बटाटे कुस्करून घातले होते. एक अंडं घातलं, वळेना. दुसरं घातलं, मग तिसरं. मिश्रण आणखीनच सैल झालं आणि कढईत सगळा चुरा. कोफ्त्यांचंही तेच, रश्शात विरघळतात. कोबीच्या भज्यांतही अंडं घालतात म्हणे. नेमकं किती अंडं पुरतं? (जुळे सोलापूर)

उत्तर:

तुझ्या मापाला एक अंडं पुरतं. तेही सगळंच्या सगळं लागेल असं नाही. तिसऱ्या अंड्यानं तुझे कटलेट सुटले, आणि दुसऱ्यानं त्याची तयारी करून ठेवली होती.

आधी अंडं आहे काय ते बघ. बाजारातलं पांढरं अंडं कवचासकट पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं असतं. फोडल्यावर आत साधारण 48 ग्रॅम हाती येतं, आणि त्यातलं पाऊण पाणीच असतं. तू तीन अंडी घातलीस म्हणजे जवळजवळ 145 ग्रॅम, त्यात 110 ग्रॅमच्या आसपास निव्वळ पाणी. कुणी तुला सांगितलं असतं की कटलेटच्या मिश्रणात पाऊण वाटी पाणी ओत, तर तू ओतलं असतंस का? अंड्याच्या रूपात आलं म्हणून ते पाणी दिसलं नाही, एवढंच.

अंड्यात चिकटवणारं जे असतं ते त्यातलं प्रथिन, आणि ते तापल्यावरच कामाला लागतं. पांढरा बलक साधारण 62 अंशाला घट्ट व्हायला सुरुवात करतो, पण पुरता कडक व्हायला 80 अंश ओलांडावे लागतात. पिवळा 65 ते 70 अंशांत धरतो. त्याच्या खाली, म्हणजे तू हातावर टिक्की थापतेस तेव्हा, अंडं काहीही बांधत नाही. ते मिश्रण ओलं करतं आणि सैल सोडतं. म्हणून ‘वळत नाही, अजून एक अंडं घाल’ हा उपाय मुळातच उलटा आहे. हातावर आकार टिकवायचं काम दुसऱ्याच कुणाचं तरी असतं: बटाट्याचं, पावाच्या चुऱ्याचं, डाळ्याच्या पिठाचं, किंवा खिमा कच्चा असेल तर खुद्द खिम्याचं. अंड्याचं काम तेलात पडल्यानंतरचं. टिक्की अंड्याविना हातावर नीट टिकत नसेल तर अंडं घालून ती टिकणार नाही, हे आधी पक्कं धर.

आता तुझा खिमा शिजवलेला होता, तिथे बाब आणखी अडते. कच्च्या खिम्याला मीठ लावून मळलं की मांसातलंच एक चिकट प्रथिन सुटून वर येतं आणि खिम्याचे कण एकमेकांना धरतात. शीक कबाबवाला बहुतेक वेळा अंड्याशिवाय शिगेवर खिमा चढवतो तो याच जोरावर. पण खिमा एकदा कढईत शिजला की हे प्रथिन तिथेच आकसून, घट्ट होऊन बसतं. मग त्याला कितीही मळ, ते सुटे दाणेच राहणार. म्हणून शिजवलेल्या खिम्याच्या कटलेटला बाहेरून बांधणारं काहीतरी लागतंच, आणि कच्च्या खिम्याच्या कोफ्त्याला नावापुरतं. दोन्हीला एकच माप लावलं की एक तरी बिघडतो.

तुझंच माप धरून सांगते. अर्धा किलो कच्चा मटण खिमा कोरडा होईपर्यंत शिजवला की 350 ते 375 ग्रॅम उरतो, बाकीचं पाणी आणि चरबी निघून जातं. दोन मध्यम बटाटे उकडून 200 ग्रॅम. झाले साडेपाचशेच्या पुढे. त्यात तीन अंडी गेली म्हणजे सगळ्या गोळ्यात पाचातला एक भाग अंडं. कटलेटला सातापासून नऊ टक्के अंडं भरपूर झालं. शंभर ग्रॅम मिश्रणाला आठ ग्रॅम, म्हणजे फेटलेलं अंडं दीड छोटा चमचा. वजनकाटा नसेल तर असं लक्षात ठेव की फेटलेलं एक अंडं मोजायच्या मोठ्या चमच्यानं, पंधरा मिलीच्या, तीन चमचे भरतं. गावरान अंडं लहान, पस्तीस-चाळीस ग्रॅमचं असतं. ते असेल तर आख्खं घालून टाकायला हरकत नाही.

तर आता नीट करू. खिमा आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ, थोडा काळा मसाला घालून शिजव. झाकण ठेवून शिजव, पण शेवट उघड्यावर कर. कढई एका बाजूला कलती करून बघायची. खालच्या कडेला पाणी जमा होत असेल तर खिमा झालेला नाही, अजून परत. थोडं तेल किंवा चरबी दिसली तर चालते, पाणी नको. मग तो ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे. हे ‘पूर्ण’ मी मुद्दाम म्हणते, कारण गरम खिम्यात अंडं पडलं की ते तिथल्या तिथे शिजतं. बारीक पिवळट कण दिसायला लागले की समज, भुर्जी झाली. शिजून गेलेलं अंडं पुन्हा काही चिकटवत नाही, आणि मग वाटतं अंडं कमी पडलं.

बटाटे सालासकट उकड आणि गार झाल्यावर किसणीवर किस. सोलून, चिरून उकडलेले बटाटे पाणी पितात. मिक्सरमधून तर अजिबात काढू नकोस, बटाटा ताणला जाऊन खळीसारखा होतो. कांदा घालायचाच असेल तर परतून घाल, कारण कच्च्या कांद्याला मीठ लागलं की दहा मिनिटांत तो पाणी सोडतो. कोथिंबीर धुतल्यावर पंचावर पसरून कोरडी करायची. ओली कोथिंबीर मूठभर चिरून घातली की दोन चमचे पाणी गुपचूप आत जातं. बघ, सुटणाऱ्या कटलेटचं निम्मं कारण अंड्याच्या आधीच घडलेलं असतं.

खिमा आणि बटाटा एकत्र झाला की वाळवलेल्या पावाचा चुरा साधारण 40 ग्रॅम घाल, अर्धी वाटी भरून. लादीपाव शिळा झाला की तव्यावर मंद आचेवर कडक करून मिक्सरला फिरवायचा, विकतच्या डब्याची गरज नाही. चुरा घातल्यावर, अंडं घालायच्या आधी, एक गोळा मुठीत घट्ट दाबून बघ. मूठ उघडल्यावर तो आख्खा राहिला पाहिजे. भुरभुरला तर बटाटा कमी आहे. एक लहान बटाटा आणखी किस, अंड्याकडे हात नेऊ नकोस.

मग अंडं. वेगळ्या वाटीत फोड, चिमूटभर मीठ घालून काट्यानं इतकं फेट की पांढऱ्याची तार राहणार नाही. काटा उचलल्यावर शेंबडासारखी लोंबणारी धार दिसते ती मोडली पाहिजे. न फेटलेलं अंडं घातलं तर गोळ्यात एका जागी पांढरा जास्त, दुसरीकडे काहीच नाही, असं होतं. मग एकाच घाण्यातले चार कटलेट टिकतात आणि दोन फुटतात. फेटलेल्यातले दोन मोठे चमचे मिश्रणात घाल, तिसरा वाटीत राहू दे. हलक्या हातानं, बोटांनी कालव. आता पुन्हा एक टिक्की थाप आणि कडेला अंगठ्यानं हळूच दाब. कडेला केसासारख्या चिरा पडल्या तर तिसऱ्या चमच्यातलं निम्मं घाल. चिरा न पडता कड गुळगुळीत राहिली आणि तळहात जेमतेम ओलसर झाला, तर बस, थांब. टिक्की तळहातावर चकाकत असेल आणि ताटात ठेवल्यावर बसकण मारत असेल तर अंडं जास्त झालंय. एक-दोन चमचे चुरा टाक.

एवढं झालं की मिश्रण झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. चुरा त्या वेळात अंड्यातलं पाणी शोषतो, म्हणून आत्ता किंचित सैल वाटणारं मिश्रण अर्ध्या तासानं नेमकं होतं. घाई करून लगेच चुरा वाढवत गेलीस तर तळल्यावर कटलेट घशात अडकतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरच चाळिशी गाठतं. खिमा आणि कच्चं अंडं एकत्र केलेलं पातेलं तेव्हा ओट्यावर ठेवून बाजारात जायचं नाही. चव बिघडायच्या आधी पोट बिघडतं. शिवाय मटणाची चरबी त्या उष्म्यात मऊ पडते आणि टिक्की आपोआप पसरते. लोक तिथे पुन्हा अंड्याला दोष देतात.

पन्नास ग्रॅमचा एक असे या मापात साधारण तेरा कटलेट होतात. सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड ठेव. जाडीवर जोर देते त्याला कारण आहे. फ्रीजमधून काढलेली अडीच सेंटिमीटरची टिक्की बाहेरून लाल होते तोवर आत थंडच असते. आतलं अंडं धरलेलंच नसतं, आणि झाऱ्यानं उचलली की ती मधून मोडते. आतपर्यंत सत्तर अंशांच्या वर गेलं पाहिजे, तेव्हाच अंडं बांधतं आणि खायलाही निर्धोक होतं.

सगळे थापण्याआधी एक तळून बघ. माझ्याकडे पन्नास माणसांची ऑर्डर असो की घरच्या चौघांचं जेवण, पहिला एकटा तळला जातो. तेल 170 ते 175 अंश असावं. थर्मामीटर नसेल तर पावाचा तुकडा टाक: लगेच वर येऊन भोवती सारखे बुडबुडे फुटले आणि पाऊण मिनिटात, फार तर मिनिटभरात सोनेरी झाला की तेल तयार. आता हा एकटा कटलेट वाचायचा असतो.

तेलात पडताच त्याची कड विसविशीत होऊन कण सुटायला लागले आणि तेलाला फेस आला, तर एकतर तेल गार आहे किंवा मिश्रण ओलं. तेल तापवून दुसरा टाक. तोही तसाच सुटला तर ओलावा हेच कारण. भोवती पांढऱ्या जाळ्या-धागे तरंगले तर ते अंडंच बाहेर पडतंय: जास्त झालंय किंवा नीट फेटलं नव्हतं. कड शाबूत राहिली पण उलटताना कटलेट मधोमध दुभंगला, तर आधी स्वतःला विचार, लवकर उलटला का? खालची बाजू धरायला अडीच-तीन मिनिटं लागतात. तोवर झारा लावायचा नाही. पुरेसा वेळ देऊनही दुभंगला आणि आत कोरडा, दाणेदार दिसला, तर मात्र खरोखर अंडं कमी आहे. वाटीतला तिसरा चमचा त्याच्यासाठीच ठेवलाय.

चौथी खूण खाऊन कळते. कटलेट छान टिकला, पण दाताखाली रबरासारखा उसळतो, मोडला तर आत बारीक छिद्रांची जाळी दिसते, आणि मसाल्याच्या आधी अंड्याचा वास येतो. हा जास्त अंड्याचा कटलेट. तो फुटत नाही म्हणून लोकांना यशस्वी वाटतो. मला विचारशील तर फुटलेला परवडला, निदान चवीला खिमा लागतो.

बाहेरून लावायचं अंडं हे वेगळं खातं, त्याचा हिशेब आतल्या अंड्यात धरायचा नाही. टिक्की आधी मैद्यात किंवा ज्वारीच्या पिठात हलकी घोळवायची आणि जास्तीचं पीठ झटकायचं. मग एक अंडं, एक चमचा पाणी आणि चिमूटभर मीठ फेटून त्यात बुडवायची, नंतर चुऱ्यात. एका अंड्यात दहा-बारा टिक्क्या होतात. पिठाचा थर चुकवला तर ओल्या टिक्कीवर अंडं बसत नाही, आणि तळताना कवच एकीकडे नि कटलेट दुसरीकडे होतं. चुऱ्याच्या जागी आपली कडक भाकरी वापरून बघ. ती हातानं मोडून मिक्सरला जाडसर, रव्याइतकी फिरवायची, पीठ करायचं नाही. पावाच्या चुऱ्यापेक्षा हे कवच जास्त खुसखुशीत होतं. आतल्या मिश्रणात मात्र कडक भाकरीचा चुरा घालायचा तर तो पाणी सावकाश पितो, म्हणून अर्ध्याऐवजी पाऊण तास ठेवावं लागतं.

आता कोफ्ते. तुझे कोफ्ते रश्शात विरघळतात ते अंडं कमी पडून नाही, मळणी कमी पडून. इथे खिमा कच्चा, म्हणजे बांधणारं प्रथिन त्याच्यातच आहे, ते फक्त बाहेर काढायचंय. खाटकाकडून खिमा दोनदा मशीनमधून काढून घे. थोडी चरबी राहू दे, अगदी पांढरट नको आणि अगदी लालभडकही नको. अर्धा किलो थंड खिम्याला आठ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा, लावून नुसतं मळायला घे. इतर काही घालू नकोस. कणकेसारखं तळव्यानं रगडत चार-पाच मिनिटं मळ. सुरुवातीला खिमा दाणेदार, हाताला सुटा लागतो. मग त्याचा रंग किंचित फिका पडतो, बोटांना तो ओढ द्यायला लागतो, आणि परातीच्या तळाला चिकटून लोळत येतो. लिंबाएवढा गोळा तळहाताला चिकटवून हात उलटा कर. गोळा पडला नाही तर मळणी झाली. हात गरम असतील तर मधे एकदा परात फ्रीजमध्ये ठेव. चरबी वितळली की ही चिकटाई येत नाही.

यानंतर एक पाव पाव वाटी दुधात भिजवून, कुस्करून घाल, आलं-लसूण, गरम मसाला घाल, आणि सगळ्यात शेवटी अंडं. किती? अर्धा किलोला एकाहून जास्त नाही, आणि मी स्वतः नुसता पिवळा घालते. पिवळ्यात पाणी निम्म्याच्या आसपास असतं, पांढऱ्यात नव्वद टक्क्यांच्या जवळ. शिवाय पिवळ्यातल्या स्निग्धांशानं कोफ्ता मऊ राहतो, पांढरा त्याला ताठ करतो. चिकनचा खिमा असेल तर तो मुळातच पाणचट असतो, तिथे अंडं वगळलंस तरी काही अडत नाही. वगळायचं नसेल तर निम्मं. भिजवलेल्या पावाचं काम अंड्याहून वेगळं आहे: मांस आकसताना जो रस पिळून निघतो तो पाव धरून ठेवतो. पाव वगळून अंडं वाढवलं की कोफ्ता टिकतो, पण चेंडू होतो.

रश्शात सोडताना रस्सा उकळत असावा, पण खळाखळा नको. बारीक बुडबुडे मधून मधून वर येत असावेत. गार रश्शात सोडलेला कोफ्ता धरायच्या आधी पसरतो, आणि खळाखळा उकळीत ते एकमेकांवर आपटतात. एकेक करून सोडायचे, झाकण ठेवायचं, आणि पाच-सहा मिनिटं पळी आत घालायची नाही. हलवायचंच असेल तर पातेलं कडेनं धरून झोकायचं. बाहेरचा थर पांढुरका, घट्ट झाला की मग हवं तसं हलव, ते फुटत नाहीत. अक्रोडाएवढे कोफ्ते एकूण बारा-पंधरा मिनिटांत होतात. एक कापून बघ, आत गुलाबी ओलं नको.

कोबीच्या भज्यांबद्दल विचारलंस. आपली नेहमीची बेसनाची भजी अंड्याशिवायच असतात आणि तशीच बरी. बेसन तापलं की स्वतःच धरतं. त्यात अंडं घातलं की गरम असेतो फुगीर लागतात आणि अर्ध्या तासात मऊ पडतात. कांदाभज्यांत तर घालूच नये, असं माझं ठाम मत आहे. अंड्याला जागा कुठे आहे, तर भाजी जास्त आणि पीठ अगदी कमी असलेल्या, तव्यावर थापायच्या वड्यांत: किसलेली कोबी, दुधी, मक्याचे दाणे. तिथे पिठाचा आधार नसतो म्हणून अंडंच सगळं धरून ठेवतं, आणि प्रमाणही कटलेटपेक्षा जास्त लागतं.

पण मोजायचं ते पिळलेल्या भाजीवर. किसलेल्या दुधीला किंवा कोबीला मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेव, मग पंचात घालून घट्ट पिळ. दुधीतून तर निम्मं पाणी निघतं. पिळून जी 250 ग्रॅम राहील तिला एक अंडं आणि तीन मोठे चमचे बेसन किंवा ज्वारीचं पीठ. मका पिळता येत नाही, तो निम्मा भरडून घे, त्याचा चीकही मदतीला येतो. मिश्रण चमच्यातून ढेकळासारखं पडलं पाहिजे. वाटीच्या तळाशी पिवळं पाणी साचलं तर ते ओतून टाकू नकोस, त्यात अंडंच आहे. एक चमचा पीठ भुरभुरवून परत कालव. आणि हे कालवल्याबरोबर तव्यावर घालायचं, कटलेटसारखं ठेवून द्यायचं नाही. भाजीत मीठ आहे, ती पाणी सोडत राहते, आणि दहा मिनिटांपूर्वी नेमकं असलेलं मिश्रण घोळासारखं होतं.

राहिला प्रश्न तुझ्यासारखं मिश्रण आधीच सैल होऊन बसलं असेल तर काय. पंढरपुरी डाळं मिक्सरला बारीक दळ आणि त्याचे तीन मोठे चमचे घाल. ते भाजलेलं असतं, त्यामुळे कच्चट लागत नाही आणि पाणी झटकन ओढतं. कच्चं बेसन किंवा मैदा घातलास तर आत पिठूळ चव राहते. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा मुठीत दाबून बघ. तरीही वळत नसेल तर आणखी पीठ घालत बसू नकोस, नाहीतर डाळ्याचे कटलेट खावे लागतील. तीन अंड्यांच्या मिश्रणाचं बहुधा असंच होतं. त्याचे कटलेट करायचा नाद सोडून तव्यावर तेल घाल, पळीनं मिश्रण टाकून अर्धा सेंटिमीटर जाडीचे धिरड्यासारखे पसरव, झाकण ठेव आणि मंद आचेवर होऊ दे. पातळ असल्यानं अंडं लगेच धरतं आणि उलटायलाही सोपं जातं. पावात घालून, शेंगाचटणीबरोबर पोरं आनंदानं खातात.

पुढच्या वेळी एकच अंडं फोड आणि तिसरा चमचा वाटीत उरला तर टाकू नकोस. वरून लावायच्या अंड्यात तो मिसळून जातो. फक्त ज्या अंड्यात खिम्याच्या टिक्क्या बुडवल्यास ते उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. त्याच कढईत, त्याच वेळी, शेवटच्या टिक्कीबरोबर तळून संपवायचं.